सोबत या अर्जाची प्रत जोडावी

संगणकवाल्या मंडळींमध्ये एक जुना छंद आहे. असा प्रोग्राम लिहायचा, जो चालवल्यावर स्वतःचाच मजकूर छापेल. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या कंसापर्यंत, एक स्वल्पविरामही न चुकता. बाकी काही करायचं नाही. पगाराचा हिशेब नाही, तिकिटाचं आरक्षण नाही. स्वतःला छापायचं आणि गप्प बसायचं. शिकली-सवरलेली, बायको-मुलं असलेली माणसं या उद्योगात रात्री घालवतात आणि जमलं की सकाळी डोळे लाल असूनही प्रसन्न दिसतात. घरच्यांना कारण सांगण्याची सोय नसते.

अशा प्रोग्रामला 'क्वाइन' म्हणतात. हे नाव डग्लस हॉफस्टॅटर यांनी १९७९ सालच्या 'ग्योडेल, एशर, बाख' या पुस्तकात ठेवलं, विलर्ड व्हॅन ऑर्मन क्वाइन या तत्त्वज्ञावरून. स्वतःबद्दल बोलता बोलता स्वतःचाच गळा धरणाऱ्या वाक्यांवर क्वाइन यांनी लिहिलं होतं, म्हणून हा मान त्यांच्याकडे गेला.

छंद म्हटला की नियम आले. पहिला नियम असा, की प्रोग्रामने स्वतःची फाइल उघडून वाचायची नाही. डिस्कवरची फाइल वाचून दाखवणं कुणालाही जमतं, त्यात प्रोग्रामचं स्वतःचं कर्तृत्व काय? दुसरा नियम, फाइल रिकामी नको. हा नियम गंमत म्हणून आलेला नाही. दुर्बोध सी प्रोग्राम लिहिण्याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. तिथे १९९४ साली एका स्पर्धकाने शून्य अक्षरांचा प्रोग्राम पाठवला. त्यात काहीच नाही, चालवला तर तो काहीच छापत नाही, म्हणजेच स्वतःला हुबेहूब छापतो. परीक्षकांनी त्याला 'नियमांचा सर्वांत वाईट गैरवापर' या नावाचं बक्षीस दिलं. काहीही न करता बक्षीस मिळवणारे पुष्कळ असतात, पण काहीही न केल्याचा पुरावा जोडून बक्षीस मिळवणारा हाच.

आता प्रामाणिकपणे प्रयत्न करू. 'छाप' अशी आज्ञा द्यायची आणि पुढे अवतरणचिन्हांत जे छापायचं ते लिहायचं. काय छापायचं? हाच प्रोग्राम. तो सुरू कशाने होतो? 'छाप'ने. म्हणून अवतरणचिन्हांत 'छाप' लिहायचं, आणि त्याच्या पुढे अवतरणचिन्हांत जे आहे ते. त्यात काय आहे? पुन्हा 'छाप', आणि त्याच्या पुढे...

टीओसीच्या तासाला, म्हणजे 'थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन' नावाच्या विषयाच्या तासाला, मी मुलांसमोर हा प्रकार मांडतो तेव्हा एका कार्यालयाची कल्पना करायला सांगतो. अर्ज छापील आहे, कलमं नेहमीचीच, पण शेवटचं कलम असं: 'सोबत या अर्जाची परिपूर्ण प्रत जोडावी. प्रत अपूर्ण आढळल्यास अर्ज नामंजूर होईल.' तुम्ही झेरॉक्स काढता, टाचणी लावता, खिडकीपाशी जाता.

"काका, प्रतीला प्रत कुठंय?"

"अहो, ही प्रतच आहे."

"ते कळलं. पण मूळ अर्जाला प्रत जोडलेली आहे ना? मग या प्रतीला ती दिसत नाही. परिपूर्ण कशी झाली?"

तुम्ही आणखी एक झेरॉक्स काढून आतल्या प्रतीला जोडता. आता बाहेरच्या अर्जाला दोन मजली प्रत आहे आणि आतल्या प्रतीला एकमजली. खिडकीतला मनुष्य पुन्हा चष्म्यावरून बघतो. त्याचं काही चुकत नाही, हीच पंचाईत आहे. झेरॉक्सवाल्याचं भलं होतं, अर्जाचं होत नाही.

यावरून कुणीही शहाणा माणूस निष्कर्ष काढेल की ही गोष्ट अशक्य आहे. युक्तिवाद ठाम वाटतो. जे स्वतःची संपूर्ण प्रत पोटात बाळगतं ते स्वतःपेक्षा मोठंच असायला हवं, आणि स्वतःपेक्षा मोठं कुणी नसतं (काही साहित्यिक वगळता). या युक्तिवादात भोक आहे, पण ते चटकन दिसत नाही. 'प्रत पोटात बाळगायला हवी' हे आपण न विचारता गृहीत धरलं. प्रत बाळगायची गरजच नाही. ती मागितली की जागेवर तयार करता आली, म्हणजे झालं.

खिडकीपाशी आता एक बेरकी अर्जदार येतो. त्याच्या कागदावर एवढंच लिहिलेलं आहे:

```
पुढील मजकूर दोनदा लिहा, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत: "पुढील मजकूर दोनदा लिहा, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत:"
```

खिडकीतला मनुष्य आज्ञाधारक आहे. तो कोरा कागद घेतो. 'पुढील मजकूर' म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूर. तो एकदा उतरवतो, नुसताच. मग त्याच्या पुढे पुन्हा उतरवतो, या वेळी अवतरणचिन्हांत. पेन खाली ठेवतो आणि दोन्ही कागद शेजारी धरून बघतो. अक्षराला अक्षर जुळतं. कागदाने स्वतःची प्रत काढून घेतली आणि कुणी झेरॉक्सला गेलं नाही. मायकेल सिप्सर यांच्या संगणनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याच धर्तीचं इंग्रजी वाक्य आहे. ते मराठीत तितकंच चालतं, कारण युक्ती भाषेत नाहीच.

युक्ती कुठे आहे ते जरा थांबून बघू. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात पुन्हा अवतरणचिन्हं नाहीत, म्हणून मजल्यावर मजला चढत नाही. तो अख्खा कागद नाही, त्याचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे तोच मजकूर, अवतरणचिन्हं लावून. म्हणजे एकाच मजकुराचे दोन उपयोग झाले. पहिल्या ठिकाणी तो आज्ञा आहे, ती पाळायची. दुसऱ्या ठिकाणी तो नुसती शाई आहे, ती उतरवायची. अवतरणचिन्हांतल्या मजकुराचीही आज्ञा पाळायला कुणी निघाला, तर तो 'पुढील मजकूर' शोधत बसेल. पुढे काहीच नाही, टेबल आहे.

हेच पायथॉन भाषेत दोन ओळींत होतं:

```
s = 's = %r\nprint(s %% s)'
print(s % s)
```

पहिली ओळ `s` नावाच्या डबीत एक मजकूर ठेवते. तो मजकूर म्हणजे प्रोग्रामचा सांगाडा आहे, आणि त्यात `%r` नावाची एक गाळलेली जागा आहे. दुसरी ओळ त्या गाळलेल्या जागेत तोच मजकूर भरते आणि छापते. `%r` हे साधं 'इथे भरा' नाही. 'इथे अवतरणचिन्हांसकट भरा, आणि ओळ बदलण्याच्या खुणेसारख्या अवघड जागा असतील त्या प्रोग्रामच्या भाषेत लिहून भरा' असा त्याचा अर्थ आहे. खिडकीतल्या माणसाला 'दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत' असं जे सांगितलं, तेच इथे दोन अक्षरांत सांगितलेलं आहे. मजकुरात `%` दोनदा का, असं मुलं विचारतात. भरताना दुहेरी चिन्हाचं एकेरी होतं म्हणून. जो एकदाच लिहितो त्याला पायथॉन लगेच चूक दाखवतो, आणि ती दाखवतानाही त्याचं बोलणं असं असतं की चूक कुठे झाली ते सोडून बाकी सगळं कळतं.

प्रोग्राम खरंच स्वतःला छापतो का, हे डोळ्यांनी तपासू नये. डोळे आपल्या बाजूने असतात. फाइलचं नाव `q.py` असेल तर

```
python3 q.py | diff q.py -
```

अशी आज्ञा द्यावी. काहीच उमटलं नाही तर जमलं. इतक्या खटपटीनंतर यशाची पावती म्हणून समोर काहीच न येणं मुलांना पचत नाही, ती पुन्हा पुन्हा चालवून बघतात.

क्वाइनची प्रकृती फार नाजूक असते. वर 'हा माझा प्रोग्राम' अशी एक टिप्पणीची ओळ घातलीत तर छापलेल्या प्रतीत ती येत नाही. तिला यायचं असेल तर `s`मध्येही तिची सोय करावी लागते. नेटकेपणासाठी 'ब्लॅक' नावाचं एक साधन वापरतात. ते पायथॉनचा मजकूर आवरून ठेवतं आणि एकेरी अवतरणचिन्हांची दुहेरी करतं. आपला क्वाइन या साधनातून काढला की मूळ फाइलमध्ये दुहेरी चिन्हं होतात, पण `%r` छापताना एकेरीच छापतो. प्रत चुकली. पण ही चुकीची प्रत फाइलमध्ये ठेवून चालवली, तर ती मात्र स्वतःला बिनचूक छापते. बाप शिस्तीत बिघडला आणि पोरगं आजोबांवर गेलं.

हा सगळा खेळ वाटेल, पण त्याच्या पोटात एक प्रमेय आहे आणि ते या भाषांपेक्षा कितीतरी जुनं आहे. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९३८ साली एक शोधनिबंध लिहिला. विषय होता क्रमसूचक संख्यांची चिन्हं कशी लिहावीत हा, म्हणजे ज्याच्या निमंत्रणपत्रिकेवर गर्दी होत नाही अशांपैकी. त्यात वाटेत लागलं म्हणून त्यांनी काही ओळींत हे प्रमेय सिद्ध केलं. आज ते क्लेनी यांचं रिकर्जन थिअरम म्हणून ओळखलं जातं. प्रोग्राम चालवायला इलेक्ट्रॉनिक संगणक तेव्हा अस्तित्वात नव्हते. प्रोग्राम स्वतःचं वर्णन मिळवू शकतो हे आधी सिद्ध झालं आणि प्रोग्राम कशावर चालवायचा ते नंतर ठरलं. आपल्याकडे इमारतीच्या आधी उद्‌घाटन होतं, त्यापेक्षा हे बरं.

सिद्धतेसाठी पुन्हा त्याच कार्यालयात जाऊ, पण आता खिडकीच्या आत. सिप्सर यांनी यंत्राचे दोन भाग केले आहेत, ए आणि बी. आपण त्यांना अण्णा आणि बंडू म्हणू. अण्णा आधी येतात, बंडू नंतर येतो. दोघांनी मिळून अख्ख्या कार्यालयाची नियमावली कागदावर उतरवून द्यायची आहे, म्हणजे अण्णांनी काय करायचं आणि बंडूने काय करायचं, ते सगळं.

अण्णांचं काम सोपं आहे. सकाळी यायचं, बंडूची नियमावली टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं. अण्णांची स्वतःची नियमावली एवढीच: 'टेबलावर पुढील कागद ठेवा', आणि पुढे बंडूची अख्खी नियमावली. बंडूच्या नियमावलीत काय लिहायचं? पहिल्यांदा सुचतं ते असं, की बंडूने अण्णांची नियमावली टेबलावर ठेवावी. पण अण्णांच्या नियमावलीत बंडूची नियमावली आहे. तिच्यात अण्णांची आली, तिच्यात पुन्हा बंडूची. झेरॉक्सचं दुकान पुन्हा उघडलं.

म्हणून बंडूला अण्णांबद्दल काहीही सांगायचं नाही. त्याला अण्णा कोण, हेही माहीत नाही. त्याला फक्त एक सामान्य कौशल्य शिकवायचं. टेबलावर कुठलाही कागद सापडला, की 'हाच कागद टेबलावर ठेवून घरी जाणाऱ्या माणसाची नियमावली' तयार करायची. हे कौशल्य अवघड नाही. 'टेबलावर पुढील कागद ठेवा' असा एक छापील नमुना घ्यायचा आणि पुढे सापडलेला कागद उतरवायचा. बंडूची नियमावली अशी: टेबलावर जो कागद असेल तो घ्या, तो ठेवणाऱ्याची नियमावली तयार करा, ती आधी आणि सापडलेला कागद नंतर असं जोडून खिडकीतून द्या. एवढंच. यात अण्णांचं नाव नाही, बंडूचं नाव नाही, प्रत नाही, काही नाही.

आता दिवस सुरू होतो. अण्णा येतात, बंडूची नियमावली टेबलावर ठेवतात, जातात. बंडू येतो. टेबलावर कागद. कुणी ठेवला? जो हाच कागद ठेवतो त्याने! बंडू त्या अज्ञात इसमाची नियमावली तयार करतो, आणि ती नेमकी अण्णांची निघते. मग सापडलेला कागद जोडतो. तो नेमका त्याची स्वतःची नियमावली निघतो, आणि बंडूला याचा पत्ताही नाही. दोन्ही मिळून अख्खं कार्यालय. आपण स्वतःचं संपूर्ण चरित्र लिहून दिलं, हे बंडूला पेन्शनीत गेल्यावर कळेल.

इथली खुबी क्रमात आहे. हजेरी अण्णांची आधी लागते, पण नेमणूक बंडूची आधी होते. बंडूची नियमावली अण्णांशिवाय पूर्ण लिहून होते. ती हातात आली, की तिच्यावरून अण्णांची. चक्र होईल असं वाटत होतं ते तिथे तुटतं. पायथॉनच्या दोन ओळींत `s = ...` म्हणजे अण्णा, `print(s % s)` म्हणजे बंडू, आणि `%r` म्हणजे बंडूला शिकवलेलं ते एकुलतं एक कौशल्य.

जॉन फॉन नॉयमन १९४८-४९ च्या सुमारास स्वतःसारखं यंत्र घडवणाऱ्या यंत्राचा विचार करत होते, तेव्हा त्यांनाही हेच करावं लागलं. वर्णनाची पट्टी एकदा आज्ञा म्हणून वाचायची आणि नवं यंत्र बांधायचं. मग तीच पट्टी अर्थ न बघता उतरवायची आणि नव्या यंत्राच्या हातात द्यायची. डीएनएची रचना उलगडली ती १९५३ साली, आणि पेशीतही व्यवहार असाच चालतो असं निघालं. निसर्गाने फॉन नॉयमन यांचं व्याख्यान ऐकलं नव्हतं, तरी त्याचं जमलं.

स्वतःला छापून मोकळं होणं हा प्रमेयाचा निव्वळ नमुना झाला. क्लेनी यांचं प्रमेय त्याहून जास्त देतं. बंडूच्या मागे तिसरा माणूस बसवा, तात्या. तात्याला दोन गोष्टी मिळतात, एक कुठलीतरी नियमावली आणि एक बाहेरून आलेला अर्ज, आणि तो त्यांचं काहीही करू शकतो. अण्णा आता बंडूची आणि तात्याची नियमावली एकत्र टेबलावर ठेवतात. बंडू पूर्वीसारखाच ती ठेवणाऱ्याची नियमावली तयार करून जोडतो, आणि छापण्याऐवजी सगळा गठ्ठा तात्याकडे सरकवतो. तात्याच्या हातात आता अख्ख्या कार्यालयाचं वर्णन आहे, ज्यात तो स्वतःही आहे. गणिताच्या भाषेत: `t` हे दोन गोष्टी घेणारं, यंत्राला काढता येईल असं कुठलंही फलन असो, असं एक यंत्र `R` असतंच की प्रत्येक `w`साठी `R(w) = t(⟨R⟩, w)`. इथे `⟨R⟩` म्हणजे `R`चं वर्णन. मराठीत सांगायचं तर कुठलाही प्रोग्राम लिहिताना पहिली ओळ 'स्वतःचं वर्णन मिळव' अशी लिहायला परवानगी आहे. कुणी विचारलं हे कसं शक्य आहे, तर अण्णा-बंडूकडे बोट दाखवायचं.

वर्णन मिळालं म्हणजे स्वतःला ओळखलं, असं समजू नये. तात्याच्या हातात नियमावलीचं अक्षर न् अक्षर आहे, पण आपलं काम कधी संपेल का हे त्याला त्यावरून सांगता येईलच असं नाही. आणि कुठल्याही प्रोग्रामबद्दल ते अचूक सांगणारा दुसरा कुणी असू शकत नाही, हे याच प्रमेयाने तीन ओळींत सिद्ध होतं. समजा एखादा सर्वज्ञ प्रोग्राम आहे, जो कुठल्याही प्रोग्रामचं वर्णन बघून 'थांबेल' किंवा 'थांबणार नाही' असं अचूक सांगतो. मग हा प्रोग्राम लिहा:

```
१. स्वतःचं वर्णन मिळव.
२. सर्वज्ञाला विचार: हा थांबेल का?
३. 'थांबेल' म्हणाला तर कायम फिरत राहा. 'नाही' म्हणाला तर लगेच थांब.
```

सर्वज्ञ काहीही म्हणाला तरी खोटा पडतो. ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ साली यासारखा निकाल वेगळ्या वाटेने सिद्ध केला होता. ती वाट समजावून सांगायला मला अख्खा तास लागतो आणि शेवटी फळ्यावर एक तिरपी रेघ उरते. इथे तात्या घरातल्या आडमुठ्या माणसासारखा वागतो आणि काम होतं.

माझा आवडता वापर मात्र दुसरा आहे, आणि तो वर्गात सगळ्यात कमी लोकांना आवडतो, कदाचित तास संपत आलेला असतो म्हणून. एखाद्या प्रोग्रामला 'आखूड' म्हणू, जर तेच काम करणारा त्याच्याहून कमी अक्षरांचा प्रोग्राम अस्तित्वात नसेल. आखूड प्रोग्राम असंख्य आहेत, कारण कामं असंख्य आहेत आणि प्रत्येक कामाचा कुणीतरी सर्वांत लहान प्रोग्राम असणारच. प्रश्न असा, की आखूड प्रोग्रामांची यादी एकामागून एक छापत जाणारं यंत्र बनवता येईल का? कितीही वेळ लागो, क्रम कसाही असो, फक्त यादीत एकही खोटा नको आणि एकही खरा सुटायला नको.

समजा कुणी ते बनवलं. आता एक उपद्व्यापी प्रोग्राम लिहायचा. ते यादीयंत्र त्याच्या पोटात घालायचं. पहिली ओळ, स्वतःचं वर्णन मिळव. दुसरी, त्यातली अक्षरं मोज, समजा पाच हजार भरली. तिसरी, यादीयंत्र सुरू कर आणि पाच हजारांहून जास्त अक्षरांचा प्रोग्राम यादीत येईपर्यंत वाट बघ. तो येणारच, कारण पाच हजारांपर्यंत अक्षरांचे प्रोग्राम मोजकेच आहेत आणि यादी न संपणारी आहे. समजा सहा हजारांचा एक आला. चौथी ओळ, आलेल्या अर्जावर तो सहा हजारवाला जे करेल तेच कर.

आता हिशेब बघा. आपला उपद्व्यापी सहा हजारवाल्याचंच काम करतो, तंतोतंत, आणि तो स्वतः पाच हजारांचा आहे. म्हणजे सहा हजारवाला आखूड नव्हताच. मग यादीत कसा आला? यादी खोटी. यादीयंत्र कुणी कितीही हुशारीने बनवलेलं असो, त्याला पोटात घालून हा उपद्व्यापी तयार होतो आणि यंत्राला आतून खोटं पाडतो. थांबणाऱ्या प्रोग्रामांची यादी निदान करता तरी येते, सगळे आळीपाळीने थोडे थोडे चालवत बसायचं आणि जो थांबला तो नोंदवायचा. आखूड प्रोग्रामांची तीही करता येत नाही. 'माझा प्रोग्राम सर्वांत लहान आहे' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या मुलाला सगळे प्रोग्राम तपासून तो दाखला देणारं कार्यालय कुठेही नाही, एवढं मी त्याला सांगू शकतो.

राहता राहिलं प्रमेयाचं दुसरं रूप, ते सुधारकांसाठी आहे. प्रोग्रामच्या मजकुरात ठरावीक बदल करणारी कुठलीही यांत्रिक रीत घ्या. तुम्हाला वाटेल तेवढी विध्वंसक घ्या, ओळी उलट्या करा, प्रत्येक बेरजेची वजाबाकी करा. क्लेनी सांगतात, असा एक तरी प्रोग्राम निघतोच की ज्याच्यावर हा बदल केला तरी त्याच्या वागण्यात फरक पडत नाही. तो कसा बांधायचा तेही सांगतात. तात्याला एवढंच शिकवायचं: हातातल्या वर्णनावर तो बदल कर, आणि जे निघेल ते चालव.

वर्गात एका मुलीने याला हरकत घेतली. बदल असा करू, म्हणाली, की प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला 'नमस्कार छाप' ही एक ओळ जोडायची. मग प्रत्येक प्रोग्राम पूर्वीपेक्षा एक नमस्कार जास्त छापणार. फरक पडत नाही असा कुठला उरेल, सर?

तात्याला कामाला लावलं. तो स्वतःचं वर्णन मिळवतो, त्याच्या आधी 'नमस्कार छाप' जोडतो आणि चालवतो. एक नमस्कार छापला जातो, आणि पुढे उरतो तो स्वतःच. तो पुन्हा स्वतःचं वर्णन मिळवतो, आधी नमस्कार जोडतो, चालवतो. हा प्रोग्राम न थांबता नमस्कार छापत राहतो. त्याच्या सुरुवातीला आणखी एक नमस्कार लावा, काय फरक पडला?

"आणि ओळ शेवटी जोडली तर?" ती म्हणाली.

तर तात्या स्वतःचं वर्णन मिळवतो, शेवटी नमस्कार जोडतो, चालवतो. चालवल्यावर आधी तोच येतो, तो पुन्हा वर्णन मिळवतो. नमस्काराची ओळ शेवटी उभीच आहे, तिची पाळी येत नाही. एकही अक्षर न छापता फिरत राहणारा प्रोग्राम. त्याच्या शेवटी काहीही जोडा, त्याला सोयरसुतक नाही.

ती मुलगी पुढच्या तासाला पहिला प्रोग्राम पायथॉनमध्ये खराच लिहून घेऊन आली. पडद्यावर नमस्कारांची रांग लागली, ती हजाराच्या आतच संपली आणि खाली तांबड्या अक्षरांत उमटलं: `RecursionError: maximum recursion depth exceeded`. ट्यूरिंग यांच्या यंत्राची पट्टी अमर्याद असते. पायथॉन मात्र एकात एक किती वेळा चालवायचं याला मर्यादा घालतो, आणि ती कुणी हात लावला नसेल तर हजार असते. मर्यादा वाढवू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं वाढव, पण लॅपटॉप तुझा आहे ना?